दोन 'आरे' आणि एक स्क्रीनशॉट

नोव्हेंबर २०२५ मध्ये आईला घेऊन मुंबईला ताईकडे गेलो होतो. ताई गोरेगाव पूर्वेला राहते. परभणीहून देवगिरीने निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो, इथवर सगळं नेहमीचंच. लोकलच्या गर्दीत आईला चढवायचं नाही, मेट्रोनेच जायचं, हे घरून निघतानाच ठरवलं होतं. भाच्याने आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मेट्रोच्या नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, आरेला उतरा. मी स्टेशनवर येतो."

नकाशा नीट पाहिला. सीएसएमटीवरून जाणारी हिरवट-निळी रेघ वर जाते आणि तिच्या टोकाला Aarey लिहिलेलं. मला हायसं वाटलं. गाडी बदलायची भानगड नाही, शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहायचं. आईलाही तसंच सांगितलं.

गाडी छान होती, बसायला जागा मिळाली. सगळा प्रवास जमिनीखालून. मात्र शेवटी गाडी बोगद्यातून बाहेर जमिनीवर आली आणि पाटी दिसली, 'आरे जेव्हीएलआर'. खाली मोबाइलला रेंज नव्हती, इथे आली आणि लगेच भाच्याचा फोन.

"मामा, कुठं आहात? मी आरेलाच उभा आहे."

"आम्हीपण आरेलाच आहोत की!"

दहा मिनिटं आम्ही एकमेकांना पाटीवरची अक्षरं वाचून दाखवत होतो. तेव्हा कळलं की मुंबई मेट्रोत आरे नावाची दोन स्टेशनं आहेत. एक 'आरे जेव्हीएलआर', मेट्रो ३ चं शेवटचं स्टेशन. दुसरं नुसतं 'आरे', मेट्रो ७ वरचं, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला, गोरेगाव पूर्व आणि दिंडोशी यांच्या मधलं. दोन्हींच्या मध्ये काही किलोमीटर अंतर आहे आणि थेट मेट्रो नाही. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षाने तिथवर जायला पाऊण तास गेला. आई रात्रभराच्या प्रवासाने थकलेली, "बाबा, अजून किती राहिलं?" असं तिने चारदा विचारलं आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

संध्याकाळी तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडला, तेव्हा त्यात काय काय चुकलं होतं ते दिसलं. मूळ नकाशावर Aarey च्या खालच्या ओळीत JVLR लिहिलेलं आहे. भाच्याने फोटो कापला, त्यात ती ओळ कडेला गेली. रंगांची यादी खालच्या कोपऱ्यात असते, तीही कापली गेली. आणि व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केला, त्यामुळे बोटांनी मोठा केला की बारीक अक्षरांचा नुसता चिखल होत होता. पाठवणाऱ्याला सांगा, नकाशा पूर्ण ठेव आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग अक्षरं शाबूत राहतात.

पण आणखी एक गोष्ट त्या चिखलात बुडाली होती, आणि खरी अडचण तीच आहे. आपल्याकडे पूर्णा जंक्शनला गाडी बदलायची तर पूर्णा म्हणजे पूर्णाच. आलेली गाडी आणि जाणारी गाडी एकाच नावाच्या स्टेशनावर. मुंबई मेट्रोत तसं सगळीकडे नाही. मेट्रो १ चं 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे' आणि मेट्रो ७ चं 'गुंदवली', नावं दोन, पण ही दोन्ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडलेली आहेत, गाडी बदलायची ती इथेच. नकाशावर त्यांच्यामध्ये छोटासा दुवा असतो आणि दाबलेल्या फोटोत पहिल्यांदा तोच पुसला जातो. 'अंधेरी पश्चिम'चंही असंच. नावावरून वाटतं की अंधेरी स्टेशनाचीच दुसरी बाजू असेल, पण मेट्रो २ए चं अंधेरी पश्चिम जोडलंय ते मेट्रो १ च्या डी. एन. नगरला. म्हणजे सारखी नावं जोडलेली नाहीत आणि जोडलेल्यांची नावं सारखी नाहीत. नावं जुळवत बसू नका, दुवा शोधा.

भाच्याबरोबर बसून वहीच्या कागदावर खरा मार्ग मांडला. सीएसएमटीहून मेट्रो ३, 'आरे जेव्हीएलआर'कडे जाणारी गाडी, एकोणिसावं स्टेशन मरोळ नाका, तिथे उतरायचं. त्याआधीचं स्टेशन विमानतळाचं टी २, ते आलं की पिशव्या हातात घ्यायच्या. मरोळ नाक्याला मेट्रो १, 'वर्सोवा'कडे जाणारी, एअरपोर्ट रोड, चकाला आणि तिसरं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. पुलावरून चालत गुंदवली. तिथून मेट्रो ७, मोगरा, जोगेश्वरी पूर्व, गोरेगाव पूर्व आणि चौथं आरे. प्रत्येक टप्प्यासाठी चार गोष्टी लिहायच्या: कोणती मेट्रो, कोणत्या दिशेची, किती स्टेशनं आणि उतरायच्या आधीचं स्टेशन. दिशा म्हणजे त्या गाडीचं शेवटचं स्टेशन, कारण फलाटावर तेवढंच लिहिलेलं असतं. रंगावर भिस्त ठेवू नका, फोटोत पिवळा आणि नारिंगी सारखेच दिसतात.

दिशेच्या बाबतीत गुंदवलीला घोळ होऊ शकतो. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या गाडीवर 'अंधेरी पश्चिम' लिहिलेलं होतं. माणसाला वाटतं, आपण तर अंधेरीकडूनच आलो, ही परत कुठे चालली? पण गुंदवलीहून निघालेली तीच गाडी तेव्हा उत्तरेला दहिसरला जायची आणि तिथून मेट्रो २ए वरून अंधेरी पश्चिमेला उतरायची. गुंदवली हे टोकाचं स्टेशन, तिथून सुटणारी गाडी आरेवरूनच जाते.

परतताना हाच कागद उलटा वाचत आलो. आरेहून गुंदवली, पूल, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेहून 'घाटकोपर'ची गाडी, मरोळ नाका, मग 'कफ परेड'ची गाडी. कुठेही चुकलो नाही याचा मला अजून आनंद आहे. वेळ मात्र नकाशावर दिसतो त्यापेक्षा जास्त लागतो. मरोळ नाक्याला मेट्रो १ उंच पुलावर आणि मेट्रो ३ खोल जमिनीखाली. नकाशात तो एक गोल ठिपका आहे, प्रत्यक्षात सरकत्या जिन्यांची रांग. आईला सरकत्या जिन्याची भीती वाटते, म्हणून प्रत्येक वेळी लिफ्ट शोधली. त्या एका ठिपक्यात आमची वीस मिनिटं गेली. शिवाय दर बदलाच्या ठिकाणी आम्हाला फाटकातून बाहेर पडावं लागलं, नवीन तिकीट काढावं लागलं आणि पिशव्या पुन्हा मशीनमधून घालाव्या लागल्या, कारण या तिन्ही मेट्रोंचा कारभार वेगवेगळा आहे. आमची तीन तिकिटं झाली. हे नकाशात कुठेच लिहिलेलं नसतं. रेल्वे पकडायची असेल तर प्रत्येक बदलाला वीस मिनिटं धरा.

आणि हो, स्क्रीनशॉट कधीचा आहे तेही बघा. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर जो फिरत होता, त्यात मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकातच संपत होती, सीएसएमटी त्यात नव्हतंच. तो नकाशा मे २०२५ नंतरचा, ऑक्टोबरच्या आधीचा. पुढचा तुकडा ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांसाठी सुरू झाला. तारीख छापलेली नसली तरी रेघ कुठे संपते त्यावरून नकाशाचं वय कळतं. हे घरीच तपासा, सीएसएमटीच्या जिन्याने खाली गेल्यावर फोनवर नवा नकाशा उघडेलच असं नाही.