इलेक्ट्रिक स्कूटर की पेट्रोल? माझा हिशोब अडला होता पार्किंगमधल्या एका प्लगवर

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळे मला रेंज, बॅटरी आणि आगीबद्दल विचारत होते. पार्किंगमध्ये प्लग कुठे आहे, हे कुणीच विचारलं नाही. आणि माझ्या अनुभवात पाच वर्षांच्या खर्चाचा निकाल त्या प्लगवरच लागला. शोरूम, कर्ज, विमा, आरटीओ हे सगळं सरळ पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सोसायटीने मात्र मला इतकं थांबवलं की तो राग अजून गेलेला नाही.

आधी माझं रोजचं गणित सांगते. घर पुण्यात वारज्याला, ऑफिस कल्याणीनगरला. जाऊन-येऊन साधारण तीस किलोमीटर, कर्वे रोडच्या गर्दीतून. सुट्ट्या वगळून वर्षाला ९,००० किलोमीटर धरले, म्हणजे पाच वर्षांत ४५,०००. माझी जुनी ११० सीसी स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटर देत होती. त्या हिशोबाने पाच वर्षांत १,००० लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०४ रुपये धरले तर १,०४,००० रुपये. ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि मध्येच एकदा बदलावे लागणारे बेल्ट-रोलर मिळून सर्व्हिसिंगचे आणखी १८,०००. एकूण १,२२,०००. टायर दोन्हीकडे लागतात. इलेक्ट्रिकला थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट मिळते आणि पीयूसी लागत नाही, पण ही रक्कम फार मोठी नाही. म्हणून या गोष्टी हिशोबाबाहेर ठेवल्या.

आता वीज. स्कूटरच्या स्क्रीनवर माझा वापर किलोमीटरला ३० वॅट-अवरच्या आसपास दिसतो. तो बॅटरीतून गेलेला आकडा असतो. चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने काही वीज वाया जाते, त्यामुळे भिंतीतल्या प्लगमधून प्रत्यक्षात ३५ जाते. म्हणजे १०० किलोमीटरला साडेतीन युनिट आणि महिन्याला सव्वीस-सत्तावीस. खर्च काढताना नेहमी भिंतीकडचा आकडा घ्या, कारण बिल त्याचंच येतं.

सोसायटीने मला अडवलं ते याच सव्वीस युनिटांवरून.

पार्किंग बेसमेंटमध्ये, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. माझी मागणी साधी होती. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये माझ्या घराचं मीटर आहे, तिथून माझ्या खर्चाने केबल काढून माझ्या पार्किंगच्या जागी एक प्लग पॉइंट बसवायचा. वीज माझी, बिल माझं. अर्ज दिला. सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, मीटिंगमध्ये घेऊ." पुढच्या मीटिंगमध्ये कोरम झाला नाही. त्यापुढच्या मीटिंगमध्ये विषय शेवटी आला आणि तोवर अर्धे लोक उठून गेले होते. तोपर्यंत गाडी दारात आली होती आणि मी ऑफिसजवळच्या सार्वजनिक चार्जरवर रांग लावत होते. तिथे युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त, शिवाय संध्याकाळी अर्धा-पाऊण तास ताटकळणं वेगळंच. या दगदगीने माझा संयम पार संपला.

कमिटीच्या हरकती तीन होत्या. पहिली, लोड वाढेल. हिचं उत्तर विजेच्या बिलावरच असतं. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. माझा तीन किलोवॅट आहे. स्कूटरचा चार्जर ८०० वॅटच्या आसपास घेतो आणि आमच्या प्रत्येक बाथरूममधला गीझर २,००० वॅटचा आहे. मी बिलाची प्रत आणि चार्जरवरच्या लेबलचा फोटो पुढे ठेवला, तेव्हा ही हरकत संपली. तुमचा मंजूर भार कमी असेल आणि घरात एसी असेल, तर आधी भार वाढवून घ्या. त्याचा ऑनलाइन अर्ज करता येतो.

दुसरी हरकत आगीची होती आणि ती मला खोटी वाटली नाही. २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ मानक कडक केलं गेलं. त्याचे सुधारित नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. माझी गाडी त्यानंतरची आहे. पण वायरिंगची जबाबदारी आपलीच असते. खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन वायर तासन्‌तास भार ओढत राहते, तिचा सैल प्लग तापतो आणि धोका तिथे असतो. चार्जिंग चालू असताना प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद करून सॉकेट बदला. मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून लेखी आराखडा घेतला. त्यात आर्मर्ड केबल, १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग होतं. आरसीसीबीवर हट्ट धरा. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये ओल येते आणि वीज गळायला लागली तर माणसाला वाचवतो तो हाच. हा कागद वाचून कमिटीतले एक निवृत्त अभियंते माझ्या बाजूने बोलले.

तिसरी हरकत खरी अडचण होती. "एकाला दिलं की सगळे मागतील, मग पार्किंगभर केबली होतील," असं म्हणून कमिटीने दुसराच पर्याय पुढे केला. सोसायटीच्या कॉमन मीटरवर एक प्लग बसवू, तुम्ही महिन्याला सरसकट १,००० रुपये द्या. ऐकायला सोपं होतं. माझ्या मजल्यावरच्या दोघांनी मला हो म्हणून मोकळं व्हायचा सल्लाही दिला. मी नकार दिला आणि त्या नकाराचं मला आजही समाधान आहे.

का, ते बघा. माझ्या घरचा वापर १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात असतो. स्कूटरची युनिटं घरच्या युनिटांच्या वर चढतात, त्यामुळे त्यांना पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर मिळत नाही, वरच्या टप्प्याचा दर लागतो. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मला ते युनिट १३ रुपयांच्या आसपास पडतं. अनेक जण सात-आठ रुपये सरासरी दर धरून हिशोब मांडतात, तो चुकतो. तरीही सव्वीस-सत्तावीस युनिटांचे महिन्याला साडेतीनशेच होतात. त्याच विजेचे कमिटी हजार मागत होती. पाच वर्षांत साठ हजार! माझ्या मीटरवरून हीच वीज साडेवीस हजारांत मिळते. केबल आणि प्लगचे साडेचौदा हजार धरूनही पस्तीस हजार. म्हणजे सरसकट दराने माझ्या बचतीतले पंचवीस हजार गेले असते.

हे सगळं मी एका पानावर लिहून वार्षिक सभेत वाटलं. सोबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची १४ जानेवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं जोडली. घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवी तत्त्वं आली. पण हा कागद म्हणजे सोसायटीला गप्प बसवायचं हत्यार आहे असं समजू नका. वीज तुमच्या मीटरची असली तरी केबल सामाईक भिंतींवरून जाते, आणि त्यासाठी सोसायटीची संमती लागतेच. म्हणून मी सोबत एक तोडगा मांडला. सगळ्या केबली एकाच ट्रेमधून जातील, ट्रेचा खर्च पहिल्याने करायचा आणि पुढे येणाऱ्यांनी त्याला त्यांचा वाटा द्यायचा. 'सगळे मागतील' या भीतीला हे उत्तर पुरलं. सभेत ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली आणि त्याच आठवड्यात प्लग लागला. पहिल्यांदा स्वतःच्या जागेवर गाडी चार्जिंगला लावली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अर्ज देणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोंडी 'हो'वर काम सुरू केलं की पुढची कमिटी ते थांबवू शकते. आणि हा अर्ज गाडी बुक करायच्या आधी द्या.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवते. इलेक्ट्रिकचे पाच वर्षांत वीज साडेवीस हजार, सर्व्हिसिंग आणि ब्रेक पॅड सहा हजार, वायरिंग साडेचौदा हजार, वाढीव वॉरंटी सात हजार, मिळून ४८,०००. पेट्रोलचे १,२२,०००. फरक ७४,००० रुपयांचा. पण इलेक्ट्रिक गाडी मला ऑन-रोड ३८,००० रुपयांनी महाग पडली, त्यामुळे हातात उरतात ३६,०००. गाडीची जादा किंमत, वायरिंग आणि वॉरंटी मिळून सुरुवातीचा साठेक हजारांचा जादा खर्च वसूल व्हायला तीन वर्षांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पुढची दोन वर्षं नफ्याची.

रोजचं अंतर बारा किलोमीटरच असेल तर हाच हिशोब उलटतो. तेव्हा पेट्रोल आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला जेमतेम आठ-नऊ हजार वाचतात, आणि सुरुवातीचे साठेक हजार पाच वर्षांत निघत नाहीत. माझ्या बहिणीचं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर आहे. तिला मी पेट्रोलचीच स्कूटर घ्यायला सांगितली.

उन्हाळ्याबद्दल सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये एसीमुळे घरचा वापर ३०० युनिटच्या वर जातो, तेव्हा स्कूटरचं युनिट १८ रुपयांपर्यंत पडतं. वर्षभरात दोनच महिने, त्यामुळे पाच वर्षांच्या हिशोबात तेराशे रुपयांच्या आसपासच फरक पडतो.

वॉरंटीचे सात हजार मी आनंदाने भरले. नव्या बॅटरीचा खर्च माझ्या सगळ्या बचतीपेक्षा मोठा आहे. वॉरंटीच्या कागदावर वर्षं आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात, त्यातली जी आधी येईल ती लागू होते. पाच वर्षांची वॉरंटी असूनही मर्यादा ३०,००० किलोमीटरची असेल, तर माझ्यासारख्या चालवणाऱ्यासाठी ती चौथ्या वर्षातच संपते. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळणार, तेही त्याच कागदावर असतं. तो आकडा बिलावर सही करण्याआधी वाचा. पुनर्विक्रीत पेट्रोलच्या गाडीला जास्त भाव येईल, हेही मी धरून चालते. त्यासाठी छत्तीस हजारांतले पंधरा बाजूला काढले, तरी एकवीस हजार माझेच राहतात.