पंचगंगेचा कॉलेज प्रोजेक्ट, एक पोस्ट आणि पहिली इंटर्नशिप

लास्ट इयरला आम्हा चौघांचा प्रोजेक्ट होता कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीचा, म्हणजे आजची पातळी, पाऊस आणि राधानगरी धरणाचा विसर्ग बघून उद्या पाणी किती फुटांवर असेल ते सांगायचं. रिपोर्ट जाडजूड झाला, मार्क्सपण बरे मिळाले, पण तो परीक्षकांसाठी लिहिलेला, त्यात पहिली वीसेक पानं मशीन लर्निंग म्हणजे काय हेच. नोकरी देणारा माणूस ते कशाला वाचेल?

आमच्या कॉलनीतला एक दादा पुण्यात डेटाचं काम करतो, सुट्टीला आला तेव्हा त्याला रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, "मॉडेलचं नाव राहू दे रे, तू स्वतः काय ठरवलंस ते सांग." मग नोकरीसाठी दाखवायला सगळे प्रोजेक्ट एका पोस्टमध्ये टाकायचा विचार मी सोडला. लायब्ररी मॅनेजमेंट वगैरे प्रत्येकाकडं असतंय, त्यात माझा स्वतःचा निर्णय असा कुठं दिसत नाही. हा एकच धरला आणि पोस्टमध्ये दुसऱ्याच वाक्यात लिहून टाकलं की काम चौघांचं, त्यातली डेटा साफ करायची आणि मॉडेल तपासायची बाजू माझी. ग्रुप प्रोजेक्टला हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर समोरचा इंटरव्ह्यूत नेमकं दुसऱ्याच्या भागावर विचारतो.

पोस्टची सुरुवात मी डेटातल्या एका अडचणीनं केली. पातळी फूट-इंचात येते, आणि बऱ्याच जणांनी उतरवून ठेवलेल्या शीटमध्ये ३९ फूट १० इंच हे ३९.१० असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर ते ३९.१ वाचतो, म्हणजे ३९ फूट ९ इंच (३९.९) त्याला जास्त वाटतं आणि पाणी एक इंच चढलं तरी ग्राफमध्ये धाडकन उतरलेलं दिसतं. खरं मूल्य ३९.८३ फूट. इथं इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, त्यामुळं असला घोळ नेमका महत्त्वाच्या दिवशी फसवतो. आधीचा आणि नंतरचा ग्राफ शेजारी शेजारी लावला, दोन्हीत ३९ आणि ४३ च्या आडव्या रेषा. ज्याला कोडिंग येत नाही त्यालाही बघितल्या बघितल्या कळतं.

दुसरा भाग तपासणीचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वजन ह्याचंच. नुसतं ‘अॅक्युरसी ९७ टक्के’ लिहून उपयोग नाही, कारण नदीची पातळी एका दिवसात सहसा फार हलत नाही, काहीच न शिकता "उद्या आजच्याइतकंच पाणी" म्हणलं तरी आकडा झकास येतो. म्हणून तो साधा अंदाजच पहिल्यांदा मोजला:

```python
df["andaj"] = df["patali"].shift(1)
chuk = (df["patali"] - df["andaj"]).abs().mean()
```

आणि डेटा शफल न करता तारखेनं तोडला, २०२३ पर्यंतचा शिकवायला आणि २०२४ चा पावसाळा तपासायला, कारण त्या जुलैत पाणी धोका पातळीच्या वर गेलं होतं. शफल केलं की सोमवार आणि बुधवार मॉडेलनं बघितलेले असतात, मग मंगळवार ओळखण्यात कसलं कौतुक. निकाल जसा आला तसा लिहिला: सगळ्या दिवसांची सरासरी चूक साध्या अंदाजाची ९ इंच, आमच्या मॉडेलची ७, म्हणजे फरक थोडाच. पण पाणी झपाट्यानं चढत होतं त्या दिवसांत साधा अंदाज जवळजवळ २ फूट मागं राहायचा आणि मॉडेल १ फूट. खाली हेही लिहिलं की हे पूर इशाऱ्यासाठी वापरू नका, मोजक्याच मोठ्या पुरांवर शिकलेलं मॉडेल आहे.

गिटहबच्या README.md मध्ये पहिल्यांदा ग्राफ, मग कोड चालवायच्या ओळी. एका मैत्रिणीला तिच्या लॅपटॉपवर शून्यापासून चालवायला दिलं, तिथं फाईलचा रस्ता माझ्याच मशीनचा निघाला, तो बदलला. लिंक्डइनवर ‘सी मोअर’च्या आधी दोन-तीनच ओळी दिसतात, म्हणून तिथं "फायनल इयर प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचा आनंद" न लिहिता थेट ३९.१० चा घोळ टाकला.

लाईक काय फार नव्हते. पण शेतीच्या पाण्याचा डेटा सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीतल्या मॅडमनी मेसेज केला, त्यांच्याकडंपण मोजमापांचा असाच गोंधळ होता म्हणे. कॉलवर त्यांनी मॉडेलबद्दल एकच प्रश्न विचारला, चढत्या दिवसांची चूक वेगळी का काढली, बाकी सगळं डेटा साफ करण्यावरच. नंतर त्यांच्याकडची एक खराब शीट दिली, ती मी नीट केली आणि कुठल्या ओळी का वगळल्या ते पानभर लिहून पाठवलं. सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, स्टायपेंडसकट, कोल्हापुरातनंच काम, महिन्यातनं एकदा पुण्याला जायचं.