ऋणनिर्देशाचं पान

मंगळवार, रात्र

प्रबंधाची सगळी प्रकरणं मॅडमकडून तपासून आली, संदर्भसूची लागली, परिशिष्टंही झाली. आता फक्त ऋणनिर्देश राहिलाय. दुपारी लिहायला बसले ती अजून त्यातच आहे.

लॅबच्या कपाटात आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत, काळ्या रेक्झिनच्या बांधणीतले. सगळ्यांची ही पानं आज वाचून काढली. क्रम थोड्याफार फरकानं एकच: मार्गदर्शक, विभागप्रमुख, सल्लागार समिती, फेलोशिप, लॅबमधली मंडळी आणि शेवटी घरचे. क्रम मीही तोच ठेवणार आहे. पण ‘मोलाचं मार्गदर्शन’, ‘अखंड पाठिंबा’ असं वाचून त्या माणसानं नक्की काय केलं ते कळत नाही. साहित्यचौर्याच्या तपासणीतून हे पान यूजीसीच्या 2018च्या नियमांप्रमाणे वगळलेलं असतं, त्यामुळे कपाटातला एखादा परिच्छेद जसाच्या तसा उचलला तरी कुणी विचारणार नाही. मला ते नको आहे. प्रबंध शोधगंगेवर चढला की हे पान कुणालाही उघडून वाचता येईल. तिथे प्रत्येकापुढे त्याचं एक काम लिहायचं, असं ठरवलं.

मॅडमबद्दल लिहायला बसले आणि एक प्रश्न लगेच आठवला. माझा विषय मातीतला अडकलेला स्फुरद विरघळवणारे जिवाणू. पहिल्या वर्षी पिकोव्हस्काया माध्यमाच्या प्लेटा घालत होते. त्या माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणून प्लेट दुधी दिसते. जिवाणूनं आम्ल सोडलं की वसाहतीभोवतीचं फॉस्फेट विरघळतं आणि तिथे पारदर्शक वलय उमटतं. मी वलयं मोजून जिवाणूंची क्रमवारी लावली होती. मॅडमनी प्लेट उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, “हे कॅल्शियमचं फॉस्फेट झालं. कोकणातल्या तांबड्या मातीत स्फुरद लोहाला नि ॲल्युमिनियमला धरून बसतो. तिथे हाच जिवाणू कामाचा आहे, असं तू कशावरून म्हणणार?”

त्या प्रश्नातून माझं चौथं प्रकरण आलं. प्लेट सोडून द्रव माध्यमात गेले, कॅल्शियम, लोह आणि ॲल्युमिनियम अशी तीन वेगवेगळी फॉस्फेटं घेतली आणि विरघळलेला स्फुरद मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगावरून मोजला. प्लेटवर सर्वांत मोठं वलय देणारा जिवाणू लोहाच्या फॉस्फेटसमोर मागे पडला, आणि ज्याचं वलय जेमतेम दिसत होतं त्यानं द्रव माध्यमात चांगला स्फुरद सोडला. मॅडमच्या परिच्छेदात मी हा प्रश्नच लिहिला आहे. त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी जे केलं ते त्यात सगळं येत नाही, पण चौथं प्रकरण कुणामुळे आहे ते तरी येतं.

लॅबमधल्या मामांचं नाव कपाटातल्या बहुतेक प्रबंधांत ‘आणि शिक्षकेतर कर्मचारी’ यात बुडून गेलंय. माझ्याकडे ते स्वतंत्र परिच्छेदात आहेत. माध्यमं वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह मामा लावायचे. 15 पौंड दाबाला आत 121 अंश तापमान मिळतं, असं आम्ही पुस्तकात शिकतो. पण आतली हवा पूर्ण निघून जायच्या आधी व्हॉल्व्ह बंद केला तर काटा 15 दाखवतो आणि तापमान मात्र तेवढं चढत नाही. बाहेरून काही कळत नाही, फ्लास्कवर चिकटवलेल्या खुणेच्या टेपवरच्या रेघा काळ्या होतात, सगळं ठीक वाटतं. मामा वाफेची धार सलग आणि जोरात यायला लागेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचे नाहीत. फ्लास्क निम्म्याच्या वर भरू द्यायचे नाहीत, एकमेकांना चिकटवून ठेवू द्यायचे नाहीत. घाई केली तर म्हणायचे, “बाई, वाफेला वाट पायजे.”

याचा हिशेब माझ्या कंट्रोलमध्ये दिसतो. प्रत्येक प्रयोगात एका फ्लास्कमध्ये जिवाणू घालायचेच नाहीत, तो तसाच बाकीच्यांबरोबर शेकरवर हलत राहतो. तो गढुळला, त्याचा पीएच घसरला की समजायचं, बाहेरचं काहीतरी आत शिरलं आणि शेजारच्या फ्लास्कमधल्या आकड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यांमध्ये कंट्रोलची ओळ शेवटपर्यंत स्वच्छ आहे. ती मामांची ओळ आहे, आणि मी तसंच लिहिलंय.

सीनियर ताईचं मात्र आभार मानून भागत नाही, हे आज लिहितानाच नीट उमगलं. 16एस जनुकाच्या क्रमावरून जिवाणूंचा वंशवृक्ष तिनं काढून दिला. प्रबंधाच्या सुरुवातीला मी सही करते की हे काम माझं स्वतःचं आहे. मग तिनं काढलेली आकृती आत ठेवून मागे ऋणनिर्देशात ‘विश्लेषणात मदत केली’ म्हणणं बरोबर नाही. जिथे काम आहे तिथेच सांगायला हवं. म्हणून आकृतीखालच्या ओळीत आणि त्या प्रकरणाच्या पद्धतीच्या भागात लिहिलं की हे विश्लेषण तिचं आहे. पेपरमध्ये ती सहलेखक आहेच. ऋणनिर्देशात तिच्यासाठी वेगळं लिहिलं: डीप फ्रीझर बंद पडला त्या रात्री तिनं माझे ग्लिसरॉल स्टॉक बर्फात घालून शेजारच्या विभागात नेले, मला फोन केला तो सगळं सुरक्षित झाल्यावर. ते जिवाणू गेले असते तर पुन्हा मातीपासून सुरुवात होती.

आणि माती घरची. हाच भाग सगळ्यांत अवघड गेला. फेलोशिप अडकली होती ते महिने दादानं भाडं भरलं, वहिनीनं एका शब्दानं विचारलं नाही, आई दर फोनला “जेवलीस का” एवढंच विचारायची. हे घरच्यांच्या परिच्छेदात आलं. पण बाबांनी तर नमुने दिलेत. आमच्या उसाच्या रानातली आणि गावातल्या आणखी चार शेतकऱ्यांच्या रानातली माती त्यांनी मी सांगितली तशी काढली: वरचा पालापाचोळा बाजूला सारून, वीतभर खोल खड्डा घेऊन, रानातल्या वेगवेगळ्या जागांची एकत्र करून. प्रत्येक पिशवीवर गट नंबर, तारीख आणि मागच्या हंगामात कुठलं खत टाकलं ते. ही खताची नोंद मी मागितलीही नव्हती. नंतर दोन रानांतल्या जिवाणूंमध्ये फरक का दिसतो हे तिच्यावरूनच उलगडलं. म्हणून बाबा दोन ठिकाणी आहेत: नमुने गोळा करण्याच्या पद्धतीत एकदा आणि शेवटच्या परिच्छेदात एकदा.

संध्याकाळी त्यांना फोन करून हे वाचून दाखवलं. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “माझं राहू दे, त्या चौघांना विचारलंस का? माती कमी कसाची निघाली असं छापून आलं तर एखाद्याला आवडायचं नाही.” बरोबर होतं त्यांचं. नाव छापायचं तर त्या माणसाची परवानगी हवी, आणि नावाशेजारी त्याच्या रानाचे आकडे येणार असतील तर जास्तच हवी. लगेच चौघांनाही फोन लावले. तिघं खुशीनं हो म्हणाले, एकानं तर वडिलांचं नावही घालायला सांगितलं. चौथे म्हणाले, “गावाचं नाव घाल, माझं नको.”

त्याप्रमाणे बदल केला. तक्त्यांतले गट नंबर काढून रानांना अ ते इ अशी अक्षरं दिली, म्हणजे कुठली माती कुणाची ते वाचणाऱ्याला कळणार नाही. ऋणनिर्देशात बाबा धरून चार नावं आणि ‘गावातले आणखी एक शेतकरी’. उद्या फेलोशिपचा फाईल क्रमांक मंजुरीच्या पत्राशी ताडून घालायचा, मामांचं पूर्ण नाव ऑफिसातून विचारून घ्यायचं आणि पान मॅडमकडे पाठवायचं.