बांगड्याचं वजन आणि रेसिड्युअलमधला वाकडेपणा

मालीम जेटीवरच्या बांगड्यांची लांबी-वजनं मोजून मी सरळ रेषा बसवली, की R² हमखास भरघोस येतो आणि तिथेच फसायला होतं. लांबी दुप्पट झाली की मासा रुंदीने आणि जाडीनेही वाढतो, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे चढतं.

सोयीसाठी आकडे गोल घेतो. वजन = ०.०१ × लांबी³ धरून १२ ते २४ सेंमी, दर २ सेंमीला एक मासा. रेषा येते: वजन = १० × लांबी − ११३. R² ०.९७. आता रेसिड्युअल, म्हणजे खरं वजन वजा रेषेचं वजन, बघा: १२ सेंमीला +१०, १८ ला −९, २४ ला +११. दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, चक्क वाटीचा आकार. शिवाय ११ सेंमीच्या पिल्लाचं वजन ही रेषा उणे ३ ग्रॅम सांगते!

पसरणीचं दुखणं वेगळं. एकाच लांबीचे मासे सरासरीपासून १० टक्के इकडेतिकडे असतील, तर १२ सेंमीला हा फरक २ ग्रॅमही नसतो, २४ ला मात्र १४ ग्रॅमच्या आसपास जातो. आलेख पंख्यासारखा उघडतो. रेषेचा उतार त्यामुळे एका बाजूला कलत नाही, पण स्टँडर्ड एररवर विसंबता येत नाही. छोट्या माशाला दिलेली अंदाजाची मर्यादा फार रुंद होते, मोठ्याला फार अरुंद.

आधी वाकडेपणा काढतो, मगच पसरण तपासतो. वाटी तशीच राहिली तर टोकांचे मोठे रेसिड्युअल पसरणीच्या आलेखातही घुसतात आणि नसलेला पंखा दिसतो. इथे दोन्हींवर उपाय एकच: दोन्ही बाजूंना लॉग. घन सरळ होतो, आणि १० टक्के फरक सगळीकडे ०.१ च्या आसपास येतो.

```r
m <- lm(log(wt) ~ log(len), data = d)
plot(m, which = c(1, 3))
```

पहिल्या आलेखात लाल रेषा शून्याजवळ आडवी हवी, दुसऱ्यात ती चढता कामा नये. टोकाला तीन-चारच मासे असतील तर तिथल्या वळणाकडे मी लक्ष देत नाही.

लॉगनंतर कधीकधी पंखा उलटतो, छोट्या माशांकडे उघडतो. तेव्हा मी आधी वजनकाटा बघतो. ५ ग्रॅमच्या टप्प्याचा स्वयंपाकघरातला काटा १७ ग्रॅमच्या बांगड्याला १५ दाखवतो, १८ च्याला २०. लॉगमध्ये हे अंतर जवळजवळ ०.३, आणि ठिपके तिरक्या पट्ट्यांत बसतात. मॉडेल बदलून हे सुटत नाही. छोटे मासे १ ग्रॅमच्या काट्यावर पुन्हा तोलावे लागतात.