हायड्रोजन मापाने, क्लोरीन तोलाने

मंडळी, मिठाच्या पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि क्लोरीन काढायचा माझा सेल हिशेबापेक्षा बराच कमी क्लोरीन देत होता. तो हरवलेला क्लोरीन सापडला. पुरता नाही, पण चोर कुठून पळत होता ती वाट तरी कळली. तीन रविवार गेले या एका गोष्टीत, म्हणून आज बाकी सगळं थोडक्यात आटोपते आणि त्याबद्दलच लिहिते.

सेल तोच, मागच्या नोंदीतला. काचेच्या बरणीत मिठाचं संपृक्त पाणी, त्यात बिनझिलईचं मातीचं मडकं, मडक्याच्या आत ॲनोड, बाहेर स्टीलची पट्टी कॅथोड म्हणून. दोन्ही बाजूंना पाणी साधारण २००-२०० मिली. ग्राफाइटची कांडी अखेर काढून टाकली. दर वेळी काळा गाळ पडायचा आणि कार्बन स्वतःच जळून कार्बन डायऑक्साइड होत असेल, तर हिशेबाला अर्थ राहत नाही. आता टायटॅनियमची लेप दिलेली जाळी आहे. महाग पडली, पण वीस-बावीस फेऱ्यांनंतरही जशीच्या तशी आहे. ज्यांना मोजमाप करायचं आहे त्यांनी ग्राफाइटवर वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

प्रत्येक फेरी ०.५० अँपिअर, बरोबर ३० मिनिटं. म्हणजे ९०० कूलोम. हा आकडा मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण यात जास्तीत जास्त एक तृतीयांश ग्रॅम क्लोरीन निघतो आणि गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन, तेवढा सांभाळता येतो. शेवटची बाटली कॉस्टिकची असतेच, उरलासुरला क्लोरीन शोषून घ्यायला. तरीही बंद खोलीत हे करू नका, एवढ्याशा क्लोरीननेही घसा धरतो.

आधी हायड्रोजनचं प्रकरण, कारण मागच्या वेळी मी १२४ टक्के कार्यक्षमता लिहून बसले होते आणि बऱ्याच जणांनी बरोबर हटकलं. सूत्र सगळ्यांना पाठ आहे:

```
n = η × I × t / (z × F)
```

हायड्रोजनला z = २, म्हणून ९०० भागिले २ × ९६,४८५, म्हणजे ४.६६ मिलिमोल. वजन ९.४ मिलिग्रॅम. मी याला २२.४ लिटरने गुणून १०४.५ मिली काढलं होतं आणि नळीत दिसले १३० मिली. चूक सेलमध्ये नव्हतीच, चूक २२.४ मध्ये होती. तो आकडा शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा. सोलापुरात सकाळी आठलाच गच्चीच्या सावलीत ३४ अंश होते. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून वर आहोत, त्यामुळे फोनच्या दाबमापकावर ९५.४ किलोपास्कल दिसत होते. (हवामानाच्या ॲपमधला दाब घेऊ नका, तो समुद्रसपाटीला बदलून दाखवलेला असतो. मी दोन दिवस तोच वापरत होते.) आणि वायू पाण्यावर गोळा केला, म्हणजे त्यात वाफही आली. ३४ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ५.३ किलोपास्कल, तो वजा केला की हायड्रोजनच्या वाट्याला ९०.१ उरतात. आता PV = nRT मध्ये घातलं की अपेक्षित आकारमान १३२ मिली येतं. मिळाले १३०. म्हणजे ९८ टक्के! त्या दिवशी खाली येऊन आईला आधी हे सांगितलं आणि मग चहा घेतला.

आता क्लोरीन. कागदावर दोन्ही बाजूंना मोल सारखेच, तेव्हा तोही १३२ मिली यायला हवा. पण क्लोरीन पाण्यावर मापायचा प्रयत्न पहिल्याच दिवशी सोडून दिला. एक लिटर पाणी २० अंशांना सातेक ग्रॅम क्लोरीन पिऊन टाकतं, मग नळीत काय उरणार? मिठाच्या पाण्यात तो कमी विरघळतो, पण विरघळतोच. उलट हायड्रोजन वजनाला इतका किरकोळ की माझ्या मिलिग्रॅमच्या काट्यावर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ठरवलं: हायड्रोजन मापाने घ्यायचा, क्लोरीन तोलाने, आणि तोलही टायट्रेशनमधून.

टायट्रेशनची पद्धत मामाकडून घेतली. मामा टॉवेलच्या डाइंगमध्ये आयुष्यभर राहिलेला. ब्लीचिंगच्या द्रवात क्लोरीन किती उरलाय हे ते लोक रोज तपासतात. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "अगं, हायपोला हायपोने मारायचं, त्यात काय एवढं?" मला पाच मिनिटं काही उमगलं नाही. गिरणीत हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि बाटलीवरचा दुसरा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. क्लोरीन पोटॅशियम आयोडाइडमध्ये सोडला की तेवढंच आयोडिन मोकळं होतं, आणि ते आयोडिन थायोसल्फेटने मोजायचं. स्टार्च म्हणून साबुदाण्याची पेज उत्तम चालते, फक्त ती द्रावण फिक्कट पिवळं झाल्यावरच घाला. आधी घातली तर निळा रंग चिकटून बसतो आणि शेवट पुढे सरकतो.

पाच ग्रॅम आयोडाइडचं द्रावण, फेरीनंतर २५० मिलीपर्यंत वाढवून त्यातले २५ मिली घ्यायचे. सगळा क्लोरीन आला असता तर ०.१ नॉर्मल थायोसल्फेट ९.३ मिली लागायला हवं होतं. लागलं ५.६ मिली. साठ टक्के! ०.३३ ग्रॅमच्या जागी ०.२० ग्रॅम. पुन्हा केलं, ५.५. पुन्हा, ५.६. आकडा स्थिर होता, म्हणजे हात चुकत नव्हता. बाकीचा चाळीस टक्के क्लोरीन जात कुठे होता?

पहिला संशय सोपा होता: तो मडक्यातल्या पाण्यातच अडकलाय. करंट बंद केल्यावर माशांच्या टाकीचा पंप लावून दहा मिनिटं मडक्यातून संथ हवा सोडली. पंप सेलच्या अलीकडे ठेवायचा, म्हणजे क्लोरीन त्याच्या रबराला लागत नाही. थायोसल्फेट एकदम ७.४ मिलीवर गेलं, म्हणजे ७९ टक्के. मात्र याच वेळी मागे ठेवलेली आयोडाइडची दुसरी बाटली पिवळी पडलेली दिसली. आपल्याकडच्या उन्हात हवेबरोबर आयोडिनही उडतं. म्हणून पहिल्या बाटलीमागे आयोडाइडची आणखी एक बाटली हवीच, आणि दोन्ही एकत्र करूनच टायट्रेट करायचं. हा ७.४ तसाच काढलेला आहे.

हवा मारूनही मडक्यातल्या पाण्याला जलतरण तलावासारखा वास राहिला होता. त्यात व्हिनेगर आणि आयोडाइड घातलं तर रंग आला आणि हिशेबाने आणखी ८ टक्के निघाले. तो क्लोरीन वायू राहिलेला नव्हता, हायपोक्लोरस आम्ल झाला होता. झाले ८७. उरलेले १३ टक्के करंटने काय केलं असेल? ॲनोडवर दुसरं एकच काम होऊ शकतं, पाण्यातून ऑक्सिजन काढण्याचं. ऑक्सिजनला एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे १३ टक्के करंट खाऊनही तो जेमतेम ८-९ मिली होतो. मडक्यातली मूळची हवा त्यात मिसळलेली असल्याने तो थेट मापणं माझ्या मांडणीत जमत नाही.

इथे मी दोन दिवस अडले. जाळीचा लेप खराब असेल म्हणून विक्रेत्याला चिडून मेल लिहायलाही बसले होते. मग वाटलं, कॅथोडच्या बाजूला कधी विचारलंच नाही. तिथे जितका करंट जातो तितकाच कॉस्टिक तयार होतो. तो सगळा बाहेरच्या पाण्यात आहे का? त्यातले २५ मिली घेऊन फिनॉल्फ्थॅलिन टाकलं आणि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट केलं. ११.७ मिली लागायला हवं होतं, गुलाबी रंग ९.७ वरच उडाला. सतरा टक्के कॉस्टिक गायब!

सगळी गाठ इथेच सुटली. मडकं दोन्ही पाणी वेगळी ठेवतं, पण हायड्रॉक्साइड आयन त्याच्या छिद्रांतून ॲनोडकडे सरकत राहतात. ॲनोडवर ऑक्सिजन तयार होताना दर इलेक्ट्रॉनमागे एक आम्ल-आयन निघतो, त्याला एक हायड्रॉक्साइड लागतो. म्हणजे १३ टक्क्यांना १३. हायपोक्लोरस आम्ल होताना क्लोरीनच्या एका रेणूला, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनच्या मालाला, एकच हायड्रॉक्साइड पुरतो. म्हणजे ८ टक्क्यांना ४. बेरीज १७! वेगळ्या बाटलीतून, वेगळ्या आम्लाने काढलेला आकडा इतका जुळला की मी वही मिटून पुन्हा पहिल्यापासून हिशेब केला. तेच आलं. ते मेल अर्थातच पाठवलं नाही, जाळी निर्दोष आहे.

उपायही त्याच आकड्यात होता. सतरा टक्के म्हणजे सुमारे १.६ मिलि-समतुल्य. मग सुरुवातीलाच मडक्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिली घातलं, येणाऱ्या हायड्रॉक्साइडला तिथल्या तिथे मारायला. मोठ्या कारखान्यांतही ॲनोडकडच्या मिठाच्या पाण्याला आम्ल देतात, ते याचसाठी. काल सकाळच्या फेरीत ८.७ मिली लागलं. ९३ टक्के, ०.३१ ग्रॅम क्लोरीन.

तेव्हा "या सेलची कार्यक्षमता किती" असं यापुढे मला विचारू नका, कुठल्या बाजूची ते विचारा. आम्ल नसताना हायड्रोजनची ९८ होती आणि त्याच तीस मिनिटांत क्लोरीनची ७९. दोन्ही खऱ्या.

पुढचा बेत जाड भिंतीचं मडकं आणण्याचा होता, कुंभारवाड्यात सांगूनही ठेवलंय. पण हे लिहिता लिहिता ते ९८ खटकू लागलं. हायड्रोजनचे दोन टक्के खरंच कमी पडले, की माझ्या पॉवर सप्लायचा मीटरच ०.५० म्हणत ०.४९ देतोय? मीटर खोटा असेल तर वरचे सगळे टक्के थोडे वर सरकतील. म्हणून मडकं थांबेल. आधी मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या घालून तो सेल याच्याशी एकसरीत जोडते. ९०० कूलोम खरे असतील तर कॅथोडच्या पट्टीवर २९६ मिलिग्रॅम तांबं चढेल. काट्यावर २९१ दिसले तर मीटर खोटा आणि हायड्रोजन पूर्ण. २९६ दिसले तर दोन टक्के हायड्रोजन माझ्या बुचातून गळतोय. मोरचूद काल रात्रीच भिजत घातलाय.