गुहागरच्या पडवीतला लोणा: चिनी मातीचा लेप, पहिले आकडे

पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीचं काम आता दाखवण्याजोगं झालंय. जोतं चिऱ्याचं, त्यावर जुन्या हातविटांची भिंत आणि बाहेर शंभरेक पावलांवर समुद्र. वरचा सिमेंटचा गिलावा पावसाळ्यानंतर उतरवला, तेव्हा विटांचे चेहरे पिठासारखे सुटत होते. काही ठिकाणी नखाएवढे पोपडे उचलले गेले होते आणि त्यांच्या मागे पांढरी बुरशी दिसावी तसं मीठ होतं.

हे पोपड्यामागचं मीठच खरं घातक. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणा ब्रशने झटकला की निघतो, कारण तिथे पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडून गेलेलं असतं. पण वाळण्याचा वेग जास्त आणि आतून येणारं पाणी कमी असलं की बाष्पीभवन विटेच्या आत, पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवर होतं. तिथे स्फटिक वाढतात आणि छिद्राच्या भिंतींवर दाब देतात. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्याखाली पुन्हा स्फटिक होतं. आपल्याकडे भर पावसाळ्यात ते बहुतेक वेळ विरघळलेलंच राहतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भिंत ओली दिसली तरी फारशी झडत नाही. थंडीत पहाटे हवा या रेषेच्या वर आणि दुपारी खाली जाते. विटेचं पीठ पडतं ते त्या महिन्यांत.

लेपाचं तत्त्व सोपं आहे. ओल्या लेपातलं पाणी विटेत शिरतं, मीठ विरघळवतं, आणि लेप वाळू लागला की ते पाणी मिठासकट लेपात यावं अशी अपेक्षा असते. ते येईलच असं मात्र नाही. बारीक छिद्रं जाड छिद्रांतून पाणी ओढतात, उलट होत नाही. म्हणजे लेपाची छिद्रं विटेच्या छिद्रांपेक्षा बारीक हवीत. नुसत्या कागदाच्या लगद्याची छिद्रं मोठी असतात. अशा लेपातलं पाणी आधी उडून जातं, वीट मागे ओलीच राहते, आणि मग ती स्वतःच्या पृष्ठभागाआड वाळते. मीठ होतं तिथेच राहतं.

हे डोळ्यांनी पाहायचं होतं म्हणून विटेवर शेजारी-शेजारी ३० × ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे आखले. एकावर नुसता टिपकागदाचा लगदा लावला, दुसऱ्यावर मिश्रण: मापाने एक भाग चिनी माती, दोन भाग बारीक वाळू, एक भाग टिपकागदाचा लगदा. चिनी माती बारीक छिद्रं देते, पण एकटी वापरली तर वाळताना आकसते, तडकते आणि भिंतीपासून सुटते. एकदा सुटली की पाण्याचा रस्ताच तुटला. वाळू तिला आकसू देत नाही आणि लगदा तिला धरून ठेवतो. मुलतानी माती सहज मिळते, पण ती फार आकसते आणि तिच्यातल्या लोहाचा डाग फिक्या दगडावर बसू शकतो, म्हणून ती घेतली नाही.

वाळूबद्दल किनाऱ्यावरच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो: खाडीची वाळू चाळून तशीच घेऊ नका. मूठभर वाळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून टीडीएस मीटर बुडवा. माझी वाळू धुवत राहावी लागली, आकडा कोऱ्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत. लेपाचं पाणीही डिस्टिल्डच.

लावण्याआधी सुटा लोणा मऊ, कोरड्या ब्रशने झटकून सुपलीत गोळा केला. पाण्याने धुतला असता तर तो परत आत गेला असता. पोपडे सुटलेल्या जागी स्टार्च धुऊन काढलेलं मलमल ओलं करून चिकटवलं आणि त्यावर लेप दिला. लेप काढताना विटेचा चेहरा त्याच्याबरोबर निघू नये यासाठी एवढं पुरतं, पण कापडाखाली हवेची पोकळी राहता कामा नये. लेप दीड सेंटिमीटर जाड, थापीने दाबून. थापी उलटी केली तरी पडणार नाही इतपतच ओला. पातळ केला तर जादा पाणी मिठाला आणखी खोल ढकलतं. पहिला दिवस प्लॅस्टिकने झाकला, मग उघडा सोडला.

लेप वाळला की लगेच काढावा, हे दमट हवेत फार महत्त्वाचं आहे. वाळलेल्या लेपात आता मीठ भरलेलं असतं. चार दिवस ढगाळ गेले आणि आर्द्रता ७५च्या वर राहिली, तर तेच मीठ पाझरून भिंतीत परत जाऊ लागतं. माझ्या लेपाला वाळायला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. कडा भिंतीपासून किंचित उचलू लागल्या, की समजावं.

आता आकडे. वाळलेला लेप कुटून त्यातला १० ग्रॅम १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळला आणि गाळून मोजला. कोऱ्या लेपाचा आकडा वजा करून मीटरवर १२०० पीपीएम राहिले. म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये ०.१२ ग्रॅम, म्हणजेच लेपाच्या वजनाच्या १.२ टक्के. तुकड्यावरचा लेप वाळून १.४ किलो भरला, तेव्हा मीठ सुमारे १७ ग्रॅम. शेजारच्या कागदी लेपात याच रीतीने जेमतेम ४ ग्रॅम आले. जोत्याच्या चिऱ्यावर मात्र दोन्ही लेपांत फारसा फरक पडला नाही, कारण तिथली छिद्रं इतकी मोठी आहेत की कागदही ती रिकामी करू शकतो. चिऱ्यासाठी चिनी मातीचा खटाटोप करायची गरज नाही असं माझं मत झालंय.

मातीच्या तुकड्यावर दुसरा लेप दिला, त्यात साधारण ८ ग्रॅम निघाले. लेपातला आकडा उतरला म्हणजे भिंत स्वच्छ झाली, असं मात्र धरू नका. म्हणून ६ मिलिमीटरच्या ड्रिलने आधी आणि नंतर खोलीनुसार भुकटी काढली. पहिल्या सेंटिमीटरात मीठ २ टक्क्यांच्या किंचित वर होतं, ते ०.६वर आलं. दुसऱ्या सेंटिमीटरात १.१५चं ०.८ झालं. दोन ते चार सेंटिमीटरात ०.४५ होतं, ते ०.५ झालं, म्हणजे थोडं आत ढकललं गेलं. लेपाची पोच एवढीच, एक-दोन सेंटिमीटर. विटेचा चेहरा वाचवायला ती पुरेशी आहे, पण आतलं मीठ पुढच्या ओलीबरोबर बाहेर येणारच. टीडीएस मीटर सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, हेही लक्षात असू द्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरलेल्या दरजांजवळ मी लेपावर भरवसा ठेवत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, लेप त्याला काय ओढणार?

जोत्यालगतचे विटांचे खालचे थर मुद्दाम सोडलेत. तिथे जमिनीची ओल अजून चढते आहे, आणि पाणी येत असताना लेप लावला तर तो नुसता वात होऊन नवं मीठ वर आणत राहील. आधी पागोळीचं पाणी जोत्यापासून दूर नेणारं गटार खणायचं आहे. वरच्या भागात तिसरा लेप देऊन मग सच्छिद्र चुन्याचा गिलावा करीन. उरलेलं मीठ त्या गिलाव्यात येऊ दे, तो झडला तर पुन्हा लावता येतो. त्याच्या मिश्रणाचे नमुने वाळत ठेवलेत, पुढच्या नोंदीत त्यांचे आकडे देतो.