एक युरो चाळीस सेंटची फाक्तुरा

गेल्या वर्षभरात मला आलेल्या ईमेलांपैकी सगळ्यात गमतीची ईमेल एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून आली. मी त्यांच्यासाठी तासांवर नकाशे काढून देते. त्यांचा हिशेब बघणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, "तुझी सातवी फाक्तुरा मिळाली. एक युरो चाळीस सेंट आजच पाठवू की कॉफीला भेटशील तेव्हा हातात देऊ?"

फाक्तुरा म्हणजे बिल, इन्व्हॉइस. मी इथे वालेन्सियात आउतोनोमो म्हणून काम करते, म्हणजे स्वतःची मालकीण, स्वतःची कारकून आणि चूक झाली की शिव्या खाणारीही स्वतःच. मी मागितले होते १४०४ युरो ४८ सेंट. साडेअडतीस तास, तासाला ३२ युरो, म्हणजे मूळ रक्कम १२३२ युरो. त्यावर २१ टक्के ईवा, म्हणजे आपला जीएसटी म्हणा, २५८ युरो ७२ सेंट. त्यातून आयआरपीएफचे, म्हणजे आयकराची आगाऊ कपात म्हणून, मूळ रकमेचे ७ टक्के वजा. नव्याने आउतोनोमो झालेल्यांना ७ टक्के कापून घेण्याची सवलत असते, एरवी १५. ते झाले ८६ युरो २४ सेंट. हिशेबात कुठेही चूक नव्हती. चूक होती एका स्वल्पविरामात.

मार्चमध्ये मी नवा लॅपटॉप घेतला होता. जुन्यावर एका मैत्रिणीने सगळं स्पॅनिश पद्धतीने लावून दिलं होतं, त्यामुळे सहा फाक्तुरा बिनबोभाट गेल्या. नवा अमेरिकन पद्धतीवर सेट होता आणि मी तिकडे पाहिलंच नाही. त्याने मूळ रकमेच्या रकान्यात टापटीप छापलं `1,232`. आपल्या डोळ्यांना हे बाराशे बत्तीसच दिसतं. स्पेनमध्ये मात्र स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे आणि हजार वेगळे करायला टिंब वापरतात, म्हणून तिथल्या माणसाला आणि तिथल्या एक्सेलला `1,232` म्हणजे एक पूर्णांक दोनशे बत्तीस सहस्रांश. हिशेबनिसाने तळाचे आकडे पाहिलेच नाहीत. त्याने मूळ रक्कम उचलून आपल्या तक्त्यात टाकली, तक्त्याने ईवा आणि आयआरपीएफ स्वतःच काढले आणि शेवटी आलं `1,40 €`. एक्सेलने हूं की चूं केलं नाही. करेल कशाला? त्याच्या दृष्टीने आकडा अगदी बरोबर होता.

गंमत म्हणजे मी सेंटही दाखवून `1,232.00` असं लिहिलं असतं तर ही चूक लगेच पकडली गेली असती. स्पॅनिश एक्सेलला स्वल्पविराम आधी आणि टिंब नंतर हे समजतच नाही, म्हणून ते त्या रकमेला आकडा न मानता मजकूर मानून ठेवून देतं. ओळखायचं कसं, तर आकडे खणात उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. रकान्यात एखादी रक्कम एकटीच डावीकडे रुसून बसलेली दिसली की समजायचं, ती बेरजेत धरलेली नाही. शंका असेल तर `=ESNUMERO(A2)` विचारावं, म्हणजे हा आकडा आहे का, ते कळतं. आणि मजकूर झालेली रक्कम परत आकड्यात आणायला हे सूत्र:

```
=VALOR.NUMERO(A2;".";",")
```

यात दुसरी जागा दशांशचिन्हाची आणि तिसरी हजारांच्या चिन्हाची. आलेल्या रकमेत ती जशी आहेत तशी सांगायची. मधले अर्धविराम बघितलेत? स्वल्पविराम दशांशाच्या कामाला जुंपलेला असल्यामुळे सूत्रातले भाग तोडायला तो रिकामा नाही. आपल्याकडच्या सवयीने तिथे स्वल्पविराम टाकला की स्पॅनिश एक्सेल सूत्रच घेत नाही. पहिले दोन दिवस मला वाटत होतं लॅपटॉपच बिघडलाय.

खरा धोका तीनच अंक असतात तिथे. स्वल्पविरामानंतर दोन अंक असले तर भारतीय माणूसही थबकतो, हजार असे कसे लिहिले म्हणून. तीन असले की मेंदू सरळ हजार वाचतो. पेट्रोल पंपावरचा फलक हे त्याचं रोजचं उदाहरण. इथे लिटरचा भाव तीन दशांशांत लिहितात, `1,549` असा. नवऱ्याने पहिल्यांदा तो वाचला तेव्हा "दीड हजार?" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. उलट बाजूची गंमत आईची. तिला व्हिडिओ कॉलवर एका फ्लॅटची जाहिरात दाखवत होते, `125.000 €`. ती म्हणाली, "एकशे पंचवीस युरोत घर? मग भाड्याने का राहताय?" शिवाय आपले सव्वा लाख आपण `1,25,000` असे दोन-दोनच्या गटात तोडतो. इथे शेवटपर्यंत तीन-तीनचेच गट, आणि साडेबारा लाख लिहायचे झाले तर `1.250.000`. लाखाला वेगळा शब्द नाही, "सिएन मिल", म्हणजे शंभर हजार.

युरोचं चिन्ह आकड्याच्या नंतर येतं, मध्ये एक जागा सोडून: `1.404,48 €`. टक्क्यांचंही तसंच, `21 %`. हाताने लिहिलेल्या पाट्यांवर मात्र भाजीवाले दशांशाच्या जागी वर एक छोटी रेघ देतात, `3'50`. स्पॅनिश भाषेची अकादमी याला चूक म्हणते. तीच अकादमी असंही म्हणते की हजारांसाठी टिंब नको, बारीकशी मोकळी जागा सोडा, चार अंकी आकड्याला तर तीही नको, आणि दशांशाला टिंब चालेल. मेक्सिकोत दशांशाला टिंबच वापरतात, तेव्हा अकादमीलाही सगळे सांभाळायचेत. पण स्पेनमधल्या हिशेबाच्या कागदांवर अजून टिंब हजारांचं आणि स्वल्पविराम दशांशाचा, हेच चालतं. ऑनलाइन फॉर्म भरताना मी हजारांचं चिन्ह टाकतच नाही. फक्त `1232,00`. काही फॉर्म टिंब नाकारतात, काही गुपचूप त्याचं दशांश करतात. न टाकलेल्या टिंबाचा गोंधळ होत नाही.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं तर ईमेलवर हसून सोडून दिलं असतं. पण त्याच लॅपटॉपने त्याच फाक्तुरेवर तारीखही आपल्या मनाची टाकली होती. काम संपलं आणि फाक्तुरा केली ती ३ एप्रिलला. अमेरिकन पद्धतीत महिना आधी, म्हणून कागदावर आलं `04/03/2024`. स्पेनमध्ये आपल्यासारखाच दिवस आधी लिहितात, त्यामुळे सगळ्यांनी वाचलं ४ मार्च. आपली आणि त्यांची पद्धत एकच, म्हणून मी या बाबतीत अगदी निर्धास्त होते, आणि तिथेच फसले.

हे लक्षात आलं ते माझ्या हेस्तोरबाईंच्या. हेस्तोर म्हणजे आपले कर सल्लागार आणि कागदपत्रांचे एजंट यांचं मिश्रण. इथे आउतोनोमोचं पान त्यांच्यावाचून हलत नाही. त्यांनी फोन केला, "सहावी फाक्तुरा २२ मार्चची आणि सातवी ४ मार्चची, हे कसं?" फाक्तुरांचे क्रमांक ओळीने लागतात आणि तारखाही त्याच ओळीने पुढे जायला हव्यात. दुसरं म्हणजे ईवाचा हिशेब तिमाहीचा. पहिल्या तिमाहीचा अर्ज, `Modelo 303`, २० एप्रिलपर्यंत भरायचा. ४ मार्च पहिल्या तिमाहीत, ३ एप्रिल दुसऱ्या. म्हणजे २५८ युरो ७२ सेंट तीन महिने आधीच सरकारजमा झाले असते, आणि आर्किटेक्टच्या ऑफिसनेही ते चुकीच्या तिमाहीत दाखवले असते.

मी म्हटलं, तारीख बदलून परत पाठवते. त्यावर फोनवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. दिलेली फाक्तुरा खोडून नवी करायची नसते. वेगळ्या क्रमांकमालिकेत `factura rectificativa` काढायची, म्हणजे दुरुस्तीचं बिल, आणि त्यात मूळ फाक्तुरेचा क्रमांक व दुरुस्तीचं कारण लिहायचं. तसं केलं. तेव्हापासून फाक्तुरेवर मी महिना अक्षरांत लिहिते, `3 de abril de 2024`. महिन्याचं नाव लहान अक्षराने सुरू होतं आणि वर्षाच्या चार अंकांत टिंब पडत नाही. ते हजार नसतात, वर्ष असतं.

बारा तारखेपर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात, तेरापासून पुढच्या उलटता येत नाहीत म्हणून ओरडतात. अमेरिकन लॅपटॉपवर स्पॅनिश यादी उघडली की `13/04/2024` मजकूर होऊन डावीकडे जाते आणि `03/04/2024` शांतपणे ४ मार्च होऊन उजवीकडे बसते. एकाच रकान्यात काही तारखा डाव्या, काही उजव्या दिसल्या तर उजव्याच चुकलेल्या असतात. हे मला कळायला बरेच दिवस लागले.

तासांचा तक्ता मी फाक्तुरेसोबत जोडते. त्यात आणखी एक खड्डा. वेळ चोवीस तासांत, `9:00` ते `16:30`. रेल्वेच्या वेळापत्रकावर वाढलेल्या आपल्याला त्यात नवं काही नाही, फक्त लिहितात `17:30` आणि बोलताना म्हणतात "दुपारी साडेपाच". इथली दुपार लांब असते. पण तास आणि मिनिटांमध्ये टिंब दिलं तरी चालतं, `7.30` म्हणजे साडेसात. स्वल्पविराम दिला तर तो दशांश होतो, आणि `7,30` म्हणजे सात तास अठरा मिनिटं. मी साडेसात तासांना `7,30` लिहिलं की ३२च्या दराने होतात २३३ युरो ६० सेंट. खरे व्हायला हवेत `7,5` ने २४०. दिवसाला सहा युरो चाळीस सेंट मी स्वतःच्या हाताने सोडून देत होते, आणि हिशेबनिसाने ते मात्र एकदाही ईमेल करून सांगितलं नाही.